हेअरलाइनची चुकीची आखणी आणि अपुरी घनता याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
हेअर ट्रान्सप्लांट विभाग

महोदय,

आपल्या क्लिनिकमध्ये माझ्या हेअरलाइनची शस्त्रक्रिया होऊन आता वर्ष उलटले आहे. तक्रार करायला मी मुद्दामच एवढा थांबलो. लावलेले केस पहिल्या एक-दोन महिन्यांत गळतात, नवे तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवू लागतात आणि खरा निकाल बाराव्या महिन्याच्या आसपास कळतो. तरीही सहाव्याच महिन्यात आपल्या काउन्सेलरचा फोन आला, "घनता कमी वाटतेय, दुसरे सेशन बुक करून टाकू." त्या टप्प्यावर बरेचसे केस यायचेच असतात. मग घनता कमी आहे हे कशावरून ठरवले? मी तेव्हा नकार दिला. आता निकाल पूर्ण समोर आहे, म्हणून लिहीत आहे.

माझा मुख्य आक्षेप आखणीवर आहे. माझी जुनी रेषा भुवयांच्या मध्यापासून साडेसात सेंटिमीटर वर होती आणि फक्त दोन्ही कोपरे मागे गेले होते. प्रौढ पुरुषासाठी ही उंची अगदी योग्य आहे. कोपरे भरून द्यावेत एवढेच मी सांगितले होते. आपल्या डॉक्टरांनी "चेहरा तरुण दिसेल" म्हणून मधली रेषाही दीड सेंटिमीटर खाली आणली. कपाळाच्या रुंदीत त्या पट्ट्याचेच सुमारे 20 चौरस सेंटिमीटर होतात. कोपरे आणि त्यामागचा विरळ भाग 50 चौरस सेंटिमीटर होता, म्हणजे एकूण 70. आपल्या कागदावर 2,200 ग्राफ्टची नोंद आहे. भागाकार केला तर एका चौरस सेंटिमीटरला जेमतेम 31 ग्राफ्ट येतात. तेच 2,200 ग्राफ्ट 50 मध्ये लावले असते तर 44 पडले असते, आणि तेवढ्यात पुढचा भाग छान भरलेला दिसतो.

"पहिल्यासारखी घनता देऊ" हे आश्वासन तर मुळात द्यायलाच नको होते. टक्कल नसलेल्या डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरला साधारण 70 ते 90 ग्राफ्टइतके केस असतात. एका बैठकीत 35 ते 45 लावणे हे चांगले काम समजले जाते, आणि केस कोरडे व वाढलेले असताना ते पुरतेही. हे सरळ सांगितले असते तर मी आनंदाने मान्य केले असते.

आता पहिली ओळ पाहा. उजेडात आरशाजवळ गेलो की कपाळाच्या अगदी कडेला एकेका छिद्रातून दोन-दोन, तीन-तीन जाड केस निघालेले स्पष्ट दिसतात. तिथे फक्त एकेरी केसांचे ग्राफ्ट हवेत, तेही थोडे मागेपुढे, आणि दुहेरी-तिहेरी त्यांच्या मागे. शिवाय हे केस पुढे झुकण्याऐवजी जवळजवळ ताठ उभे आहेत, त्यामुळे कोणत्याही बाजूला विंचरले तरी मुळे उघडी पडतात. केसाची दिशा ठरते ती छेद घेतानाच. त्या दिवशी डॉक्टर रेषा आखून निघून गेले आणि छेद टेक्निशियनने घेतले. हे मला आधी का सांगितले नाही?

माझ्या वडिलांचे टक्कल माथ्यापर्यंत गेले आहे, हे मी फॉर्मवर लिहून दिले होते. मी 28 वर्षांचा आहे. लावलेल्या भागामागचे माझे मूळचे केस पुढेही गळू शकतात, आणि डोक्याच्या मागच्या बाजूच्या डोनर भागातून काढलेला ग्राफ्ट तिथे परत येत नाही. म्हणून आपण देऊ केलेले मोफत दुसरे सेशन मला नको. त्यात चुकीच्या रेषेवर आणखी ग्राफ्ट खर्च होतील आणि उद्या माथ्यासाठी काही उरणार नाही.

आपल्या भिंतीवरच्या फोटोंबद्दलही सांगायला हवे. 'नंतर'च्या प्रत्येक फोटोत केस कपाळावर ओढलेले आहेत आणि प्रकाश मऊ आहे. तोच माणूस, त्याच प्रकाशात, केस मागे विंचरून आणि हेअरलाइन जवळून दाखवणारा एकही फोटो तिथे नाही. पुढच्या रुग्णांना तरी असे फोटो दाखवावेत.

माझ्या मागण्या अशा. एकेरी, दुहेरी आणि तिहेरी ग्राफ्टची वेगवेगळी संख्या, छेद कोणी घेतले याची नोंद आणि शस्त्रक्रियेआधीचे सर्व मूळ फोटो मला लेखी द्यावेत. भरलेले शुल्क परत करावे. पुढच्या ओळीतले जाड ग्राफ्ट बारीक पंचने काढून, सुटे करून मागे लावण्याचे दुरुस्तीचे काम मी दुसऱ्या डॉक्टरांकडून करून घेणार आहे, त्याचा खर्चही आपण द्यावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास सोबत जोडलेल्या मोजमापांसह व फोटोंसह मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक रुग्ण