हिंदीची कसोटी मराठीला लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला अकर्मक क्रियापदांवरचा लेख वाचला. असा विषय आपण छापलात, त्याबद्दल आभार. पण ‘पडलेलं पान’ चालतं, ‘नाचलेली मुलगी’ चालत नाही, यावरून अकर्मक क्रियापदांचे दोन गट ओळखायची त्यातली ‘-लेला’ची कसोटी मराठीत चालत नाही.

‘पडणे’, ‘वितळणे’ ही अनअक्युझेटिव्ह क्रियापदं. त्यांचा कर्ता मुळात कर्माच्या जागचा असतो. ‘नाचणे’, ‘धावणे’ ही अनअर्गेटिव्ह. तिथे कर्ता खरोखरच कर्ता. इथवर लेख बरोबर आहे. हिंदीत ‘गिरा हुआ पत्ता’ म्हणतात, ‘नाची हुई लड़की’ म्हणत नाहीत, कारण ‘पढ़ी हुई किताब’सारखं हे विशेषण कर्माला लागतं. पण मराठीत ‘काल नाचलेल्या मुली आज दमल्यात’ हे कुणाच्या कानाला खटकतं? ‘नाटक पाहिलेले प्रेक्षक’ही आपण सर्रास म्हणतो. सकर्मक क्रियापदाच्या कर्त्यालाही जे विशेषण बिनदिक्कत लागतं, त्यावरून कर्माची जागा ओळखायची कशी?

मला हे झोंबलं, कारण एम.ए.च्या पेपरात मी नेमकं हेच लिहिलं होतं. परीक्षकांनी ‘नाचलेल्या मुली’खाली लाल रेघ ओढून ‘अशुद्ध’ असा शेरा मारला. फेरतपासणीचा अर्ज केला, तर ‘बेरजेत चूक नाही’ एवढंच उत्तर आलं. बेरजेबद्दल मी विचारलंच नव्हतं! हिंदी उदाहरणांच्या पुस्तकावरून माझी मराठी तपासली गेली, आणि आज तोच प्रकार आपल्या पुरवणीत छापून येतो.

भाषावैज्ञानिक डेव्हिड पर्लमटर यांनी १९७८ मध्ये हा भेद मांडला, तेव्हा डचसारख्या भाषांतल्या कर्मणी रचनेचा आधार घेतला. मराठीचा आधार मराठीतच शोधायला हवा. ‘आजीला आता चालवत नाही’ हे ‘-वत’चं रूप पाहा. ‘मला नाचवत नाही’ म्हणतो, ‘बर्फाला वितळवत नाही’ म्हणत नाही. बर्फ निर्जीव म्हणून सोडा. ‘आजोबांना घसरवत नाही’ असंही कुणी म्हणत नाही. मात्र नाटकात रोज धाडकन पडावं लागणारा नट ‘पाठ धरली, आता पडवत नाही’ म्हणाला, तर ते अगदी बरोबर ठरेल. म्हणजे ‘पडणे’ला एका खणात कायमचं बंद करता येत नाही, ते आपोआप घडलं की मुद्दाम केलं, यावर रूप बदलतं. लेखात हवं होतं ते हे.

आणखी एक. न चालणाऱ्या वाक्याआधी तारका देण्याची भाषाविज्ञानात पद्धत आहे. आपल्या मुद्रितशोधकांनी त्या तारका सरसकट काढलेल्या दिसतात. त्यामुळे ‘नाची हुई लड़की’ हे शुद्ध हिंदी म्हणून छापलं गेलं आहे. कालच माझ्या भाचीने ते तसंच वहीत उतरवलं असतं. पुढच्या अंकात तारकांसह दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– मराठीची एक निवृत्त प्राध्यापिका, सोलापूर