खिडकीचं तळच कापलंत!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मध्ययुगीन चर्चमधल्या रंगीत काचचित्रांवरचा लेख वाचला. पत्र त्याच दिवशी लिहिलं असतं, तर भाषा छापण्याजोगी राहिली नसती, म्हणून आज लिहिते आहे.

आधी छायाचित्राबद्दल. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमधली 'चांगल्या शोमरोन्या'ची, म्हणजे वाटेत लुटलेल्या प्रवाशाला मदत करणाऱ्या परक्या माणसाच्या येशूने सांगितलेल्या दाखल्याची, खिडकी अर्धं पान देऊन छापलीत, आभार. पण तिचा खालचा भाग कापून तिथे कोचिंग क्लासची जाहिरात बसवलीत. ती खिडकी खालून वर वाचायची असते हो! म्हणजे पुस्तकाची पहिली पानं फाडून उरलेलं वाचकांच्या हातात दिलंत आणि वर मथळा काय, तर 'चित्रातून शिक्षण'. त्या कापलेल्या तळात जोडे शिवणारे कारागीर आहेत. खिडकीचा खर्च त्यांच्या संघाने दिला असं मानतात. पैसे खरंच त्यांचे, की चर्चवाल्यांनीच त्यांना तिथे बसवलं, यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. तुमच्या पुरवणीने दोन्ही पक्षांची सोय केली.

आता लेख. 'निरक्षर माणूस खिडकीसमोर उभा राहायचा आणि बायबल त्याला आपोआप कळायचं' हे वाक्य लेखकाने कुठून आणलं ते माहीत नाही, पण या 'आपोआप'चा अनुभव मी घेतलेला आहे. मुलाकडे पॅरिसला गेलो असताना सासूबाईंना घेऊन आम्ही शार्त्रला गेलो होतो. सासूबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, सही तेवढी करायच्या. नजर मात्र भलतीच तेज. त्या खिडकीखाली उभ्या राहून त्यांनी एकेक चित्र लावायला सुरुवात केली. 'हे जोडे शिवतायत. हा प्रवासाला निघाला. याला चोरांनी धरलं, कपडेसुद्धा काढून घेतले बघ. हे दोघं नुसते बघून पुढे गेले, मेले! आणि याने बिचाऱ्याला पट्टी बांधली, जनावरावर घालून घरी नेलं.' घरी नव्हे, धर्मशाळेत. पण बाकी सगळं बरोबर.

पुढे वर नजर गेली आणि त्या थबकल्या. 'आणि हे नागडे कोण आले मध्येच?'

ते आदाम आणि हव्वा. देवाने आदामाला घडवलं, दोघं बागेत राहिली, फळ खाल्लं, हाकलली गेली. शोमरोन्याची गोष्ट संपते आणि तिच्या डोक्यावर ही सुरू होते. आमच्या सहलीच्या गाइडला विचारलं, तर तो म्हणाला, 'वर जागा उरली होती, म्हणून दुसरी गोष्ट घातली!' हे ऐकायला आम्ही युरो मोजले होते. सहल कंपनीकडे लेखी तक्रार केली. उत्तर आलं नाही, पुढच्या सहलीचं माहितीपत्रक मात्र आलं.

जागा वगैरे काही उरलेली नव्हती. संत ऑगस्टीनपासून इंग्लंडमधल्या बीड नावाच्या संन्याशापर्यंतच्या ख्रिस्ती टीकाकारांनी या दाखल्याचा एक ठरीव अर्थ लावलेला होता. लुटला गेलेला प्रवासी म्हणजे आदाम, म्हणजेच सगळी माणसं. तो ज्या यरुशलेमेतून निघाला ते म्हणजे गमावलेलं नंदनवन. चोर म्हणजे सैतान आणि त्याची पिलावळ. न थांबता गेलेले दोघं, मंदिरातला याजक आणि त्याचा मदतनीस लेवी, म्हणजे मोशेने आणलेलं जुनं नियमशास्त्र, जे माणसाला वाचवू शकत नाही. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त आणि धर्मशाळा म्हणजे चर्च. म्हणून वरचा आदाम ही दुसरी गोष्ट नाही, खालच्याच गोष्टीचा अर्थ आहे. पण हे काचेत कुठेही दिसत नाही. कुणीतरी आधी सांगितलेलं असावं लागतं. सासूबाईंना गोष्ट काचेतून कळली, धडा कळला नाही. आणि धडा देण्यासाठीच तर आदाम तिथे बसवला होता.

शार्त्रपासून फार लांब नसलेल्या सांसच्या कॅथेड्रलात हाच दाखला आहे, पण मांडणी निराळी. मधल्या मोठ्या चौकोनांत शोमरोन्याची गोष्ट आणि प्रत्येकाभोवती गोल चित्रांत तिचा अर्थ: लुटीभोवती आदाम-हव्वा, याजक-लेवीभोवती मोशे, धर्मशाळेभोवती ख्रिस्ताचा क्रूस. शिवाय ती वरून खाली उतरते. म्हणजे शार्त्रमध्ये खालून वर शिकलेला माणूस सांसला गेला, तर त्याने शेवटापासून सुरुवात केली असती. पाठ्यपुस्तकच म्हणायचं, तर निदान पान कुठून उलटायचं ते तरी ठरलेलं हवं.

लेखकाने पोप ग्रेगरीचा दाखला दिला आहे. बरोबरच आहे, इ. स. 600च्या सुमारास त्याने मार्सेयच्या बिशपला लिहिलं होतं की, वाचणाऱ्याला जे लिखाण देतं ते न वाचणाऱ्याला चित्र देतं. पण ते भिंतीवरच्या चित्रांबद्दल होतं, आणि चर्चमधली चित्रं फोडणाऱ्या बिशपला आवरण्यासाठी होतं. शार्त्रच्या खिडक्या त्यानंतर सहाशे वर्षांनी लागल्या. मधली सहाशे वर्षं लेखकाने एका स्वल्पविरामात उडवली.

काचेतून निरक्षराला काहीच कळत नव्हतं असं माझं म्हणणं नाही. इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या कॅथेड्रलात तिथेच मारल्या गेलेल्या आर्चबिशप थॉमस बेकेटच्या चमत्कारांच्या खिडक्या आहेत. तिथे फोर्डविचच्या वेड्या हेन्रीची दोनच चित्रं आहेत. पहिल्यात त्याचे हात मागे बांधलेले, माणसं काठ्यांनी बडवत त्याला बेकेटच्या कबरीकडे आणतायत. दुसऱ्यात तो शांत गुडघे टेकून बसलाय, आणि काठ्या-दोर खाली टाकून दिलेले. हे कुणालाही कळेल. पण तिथेही पायी आलेल्या यात्रेकरूला बेकेटच्या चमत्कारांच्या कथा आधीच ऐकून माहीत असायच्या. त्याच कॅथेड्रलातल्या दुसऱ्या खिडक्यांत बायबलच्या जुन्या करारातले प्रसंग नव्या कराराशी जोडलेत आणि जोडणारी ओळ लॅटिन पद्यात लिहिली आहे. निरक्षरांसाठी, लॅटिनमध्ये!

पॅरिसच्या सेंत-शापेलला लेखकाने 'गरिबांची शाळा' म्हटलंय, त्यावर मी हसून घेतलं. पंधरा मीटर उंच खिडक्या, हजाराहून जास्त प्रसंग, वरच्या रांगा दुर्बिणीशिवाय दिसत नाहीत. आणि ते फ्रान्सचा राजा नववा लुई याचं राजवाड्यातलं खासगी देवघर, 1248मध्ये अर्पण झालेलं. वरचा मजला राजा आणि दरबाऱ्यांचा. गरीब तिथे वर्गात बसायला केव्हा जायचे, तेवढं लेखकाला विचारून कळवा.

ते छायाचित्र पूर्ण, तळासकट, पुन्हा छापावं ही विनंती. आणि विषय निघालाच आहे म्हणून: पुरवणीतला टाइप इतका बारीक झालाय की चष्मा लावूनही शब्दकोड्याचे आकडे दिसत नाहीत. गेल्या आठवड्यात तर कोड्याचं उत्तरच दुसऱ्याच कोड्याचं होतं. जाहिराती मात्र ठळक असतात.

कळावे,
आपली एक जुनी वर्गणीदार,
ठाणे