दुव्यापलीकडचा आकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हळदीविषयी काही लिहून आले की सांगलीत ते आवर्जून वाचले जाते. गेल्या आठवड्यात माझ्या वहिनींनी असाच एक लांबलचक लेख मोबाइलवर पाठवला. हळदीतील कर्क्युमिनचा गुण काळ्या मिरीमुळे २००० टक्क्यांनी वाढतो आणि त्यामुळे गुडघेदुखी हटते, असा त्यात दावा होता. लेखात दाखवलेल्या कॅप्सूल मागवण्याचा त्यांचा विचार होता. आपल्या वाचकांपैकी अनेकांवर हीच वेळ येत असेल, म्हणून तो लेख मी कसा तपासला ते सविस्तर लिहितो.

लेख सुरुवातीपासून ओळीने वाचण्याऐवजी मी प्रथम शीर्षक, पहिला परिच्छेद, सर्व उपशीर्षके आणि शेवटचा परिच्छेद एवढेच वाचले. त्यातून दोन गोष्टी कळल्या: सारा लेख त्या एका आकड्यावर उभा होता आणि शेवटचे उपशीर्षक ‘कोणते उत्पादन निवडावे’ हे होते. त्यामुळे हळदीचा इतिहास आणि घरगुती उपायांचे मधले परिच्छेद मी निःशंकपणे सोडून दिले. नंतर संगणकावर Ctrl+F दाबून तो आकडा शोधला. (मोबाइलच्या ब्राउझरमध्येही पानातला शब्द शोधण्याची सोय असते, मात्र मराठी लेखात आकडा देवनागरीत असेल किंवा इंग्रजीत, म्हणून दोन्ही प्रकारे शोधावा.) तो चार ठिकाणी आला होता, पण त्याला दुवा एकाच ठिकाणी जोडलेला होता.

दुवा उघडण्यापूर्वी त्याचा पत्ता पाहता येतो. संगणकावर त्यावर माउसचा बाण नेला की पत्ता खाली कोपऱ्यात दिसतो आणि मोबाइलवर दुवा दाबून धरला की समोर येतो. लेखात एकूण सात दुवे होते. त्यांपैकी पाच त्याच संकेतस्थळाच्या इतर लेखांकडे नेत होते, म्हणजे ते पुरावा म्हणून मोजता येत नाहीत. सहावा दुकानाचा होता आणि त्याच्या पत्त्यात aff अशी खूण होती. अशा खुणेचा अर्थ बहुधा विक्रीवर लेखकाला किंवा संकेतस्थळाला दलाली मिळते, असा असतो. एवढ्यावरून लेख खोटा ठरत नाही, परंतु कॅप्सूलची शिफारस आणि माहिती यांत फरक करणे भाग पडते. सातवा दुवा मात्र pubmed.ncbi.nlm.nih.gov या, वैद्यकीय शोधनिबंधांचे सारांश मिळणाऱ्या संकेतस्थळाचा होता.

तो सारांश १९९८ सालच्या एका निबंधाचा आहे आणि तो जेमतेम एका परिच्छेदाचा आहे. त्यात माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिले, तेव्हा रक्तात ते एक तर आढळलेच नाही किंवा अत्यल्प आढळले. सोबत मिरीतील पाइपरिन २० मिलिग्रॅम दिल्यावर पाव तास ते एक तास या वेळात प्रमाण बरेच वाढले आणि एकूण वाढ २००० टक्के भरली. आकडा खरा आहे. पण मुळात जवळजवळ नसलेल्या गोष्टीची वाढ टक्क्यांत मांडली की ती प्रचंडच दिसते. शिवाय मोजले गेले ते रक्तातील प्रमाण. गुडघ्याचा त्या सारांशात उल्लेखही नाही. लेखकाने ‘शोषण वाढते’ याचे ‘गुण वाढतो’ केले आणि पुढच्याच वाक्यात ‘दुखणे जाते’ केले. ही दोन पावले कुठल्याही दुव्याने जोडलेली नव्हती.

मात्रेचा हिशेबही करून पाहिला. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरले, तर २ ग्रॅमसाठी सुमारे ६५ ग्रॅम हळद एका वेळी लागेल. म्हणजे आमटीतल्या चिमूटभर हळदीशी त्या प्रयोगाचा संबंध लावता येत नाही. दुसरे असे की पाइपरिन काही औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढवू शकते. वहिनींना रक्तदाबाची गोळी चालू आहे. लेखात याविषयी अवाक्षर नव्हते, आणि मला सर्वांत जास्त राग आला तो याचाच.

शेवटी नवा टॅब उघडून त्या संकेतस्थळाविषयी इतरांनी काय लिहिले आहे ते शोधले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये दाखवले होते की व्यावसायिक तथ्यतपासनीस अनोळखी पानावर रेंगाळत नाहीत, लगेच बाहेर पडून त्याची चौकशी करतात, तर इतिहासाचे प्राध्यापकदेखील पानाच्या देखण्या मांडणीला फसले. मला चौकशीत एवढेच कळले की हे संकेतस्थळ आणि कॅप्सूलचे दुकान यांचा संपर्काचा पत्ता एकच आहे. वहिनींनी मागणी नोंदवली नाही. आता त्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारणार आहेत.

आपणांस विनंती अशी की आपल्या संकेतस्थळावरील आरोग्यविषयक लेखांत मूळ निबंधाचा दुवा दाव्याच्या वाक्यालाच जोडावा, आणि दोन परिच्छेदांमध्ये येणाऱ्या जाहिरातीवरील ‘प्रायोजित’ हा शब्द फिकट न ठेवता मजकुराच्याच आकारात छापावा.

आपला,
एक नियमित वाचक
विश्रामबाग, सांगली