एलईडी ट्यूबचे कोणते टोक कुठे, ते सांगितल्याशिवाय चोक तोडायला सांगू नका

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

रविवारच्या पुरवणीत घरगुती दुरुस्तीच्या सदरात जुन्या पट्टीवर एलईडी ट्यूब बसवण्याचा लेख आला आहे. काल वाचला, आज लिहितो आहे. कालच लिहिले असते तर भाषा राहिली नसती. लेखकाने सारे काम चार ओळींत उरकले आहे: बटण बंद करा, स्टार्टर काढा, चोक तोडून फेका, एका टोकाला फेज आणि दुसऱ्या टोकाला न्यूट्रल द्या. मी 33 वर्षे वायरमनची नोकरी करून निवृत्त झालो. या चार ओळींवर विसंबून कुणी स्टुलावर चढणार असेल, तर त्याला थांबवणे माझे काम आहे असे मी समजतो.

लेखातली जोडणी काही ट्यूबांना चालते. ज्या ट्यूबला दोन्ही टोकांनी वीज लागते, तिला ती बरोबर आहे. पण दुकानात तसल्याच खोक्यात, तेवढ्याच लांबीची दुसऱ्या जातीची ट्यूबही मिळते. तिला फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाच्या दोन पिनांवर द्यावे लागतात. तिचे दुसरे टोक नुसते पट्टीत अडकायला असते. बऱ्याच ट्यूबांमध्ये या दुसऱ्या टोकाच्या दोन्ही पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. हे वाक्य लेखात नाही, आणि याच एका गोष्टीपायी माझ्या ताईच्या स्वयंपाकघरात आग लागता लागता राहिली.

ताईचे घर नागपूरच्या महाल भागात, जुन्या वाड्यातले. माळवद लाकडी, वायरिंग लाकडी पट्टीवरचे, फ्यूज चिनी मातीचे किटकॅट. कोपऱ्यावरच्या एका मुलाने तिथली चोकची फिटिंग बदलून एलईडी लावून दिली. चोक काढला, स्टार्टर काढला, उजवीकडच्या होल्डरमध्ये फेज-न्यूट्रल दोन्ही दिले. त्या जातीच्या ट्यूबला ती जोडणी बरोबरच होती. त्याने फक्त एक केले नाही, पट्टीवर काही लिहून ठेवले नाही. वर्षभर ट्यूब छान चालली. दिवाळीच्या साफसफाईत भाच्याने ती उतरवली, ओल्या फडक्याने पुसली आणि परत लावली. लावताना टोके उलटसुलट झाली. ज्या टोकाच्या पिना आतून जोडलेल्या, ते टोक फेज-न्यूट्रलच्या होल्डरमध्ये गेले. बटण दाबताच फट् आवाज झाला आणि घर अंधारात.

एवढ्यावर थांबले असते तर बरे होते. फ्यूज उडाला म्हणजे फ्यूजने आपले काम केले. भाच्याला वाटले तार जुनी झाली असेल. घरात फ्यूजची तार नव्हती, म्हणून त्याने वायरच्या तुकड्यातले तांब्याचे दोन धागे पिळून घातले आणि पुन्हा बटण दाबले. या वेळी फ्यूज उडालाच नाही. होल्डर वितळला, तिथून छतापर्यंतच्या वायरचे कव्हर जळत गेले, आणि शेवटी बाहेरचा कटआउट उडाला तेव्हा धूर थांबला. माळवदाच्या तुळईवर वीतभर काळा डाग अजून आहे.

मला फोन आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. हनुमाननगरहून स्कूटरने पोचलो. ताई एकच सांगत होती, "अरे, पुसूनच तं लावली, दुसरं काहीच केलं नाही ना!" भाचा म्हणाला, "मामाजी, ट्यूबच खराब निघाली असंन." ट्यूब खराब नव्हती. मी मल्टिमीटर लावून दाखवले, दोन पिना आतून जोडलेल्या असल्या की तो वाजतो. ट्यूबच्या एका टोकाच्या दोन पिनांना मीटरच्या दोन वायरी लावल्या, मीटर गप्प. दुसऱ्या टोकाला लावल्या, लगेच वाजले. ज्या टोकाला वाजते तिथे फेज-न्यूट्रल दिले म्हणजे दोन वायरी एकमेकींना चिकटवल्यासारखेच आहे. पुरवठ्याच्या टोकाला चिकटवलेली एल आणि एन अक्षरांची चिठ्ठी फडक्याने पुसताना निघून गेली होती.

संपादक महोदय, ही मीटरची तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ट्यूब हातात असतानाच, पट्टीला हात लावण्याआधी करायची आहे. एकाच टोकाला वाजले तर न वाजणारे टोक पुरवठ्याचे. दोन्ही टोकांना वाजले तर ती बहुधा लेखातल्या जोडणीची ट्यूब. कुठेच वाजले नाही तर खोक्यावरची आकृती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. एका टोकाची ट्यूब बसवली की पुरवठ्याच्या होल्डरशेजारी पट्टीवर आणि ट्यूबच्या त्याच टोकावर पक्क्या शाईने खूण करायची. पट्टीवर "साधी ट्यूब लावू नये" हेही लिहायचे. नाहीतर उद्या कुणी माळ्यावरची जुनी ट्यूब काढून तिथे लावेल, तिच्या एका टोकाच्या बारीक फिलामेंटवर थेट 230 व्होल्ट येतील आणि ते भप्पकन जळेल.

लेखातली दुसरी चूक याहून जीवघेणी आहे: "बटण बंद करून काम करावे". जळलेली वायर बदलताना मी ताईला विचारले की रात्री बटण बंद केल्यावर ट्यूब पूर्ण विझते का. ती म्हणाली, "नाही, मिणमिण करत राहते, म्या म्हटलं एलईडीचं असंच असंन." टेस्टर लावला. बटण बंद, तरी होल्डरच्या पिनेवर टेस्टर पेटला. बटण न्यूट्रलमध्ये घातलेले होते. जुन्या घरांत मी हे कितीदा पाहिले आहे. बटण बंद केले की दिवा विझतो, पण फेज पट्टीपर्यंत तसाच उभा असतो. चोकच्या ट्यूबला ते कळत नव्हते, एलईडीला थोडासा झिरपणारा करंटही पुरतो म्हणून ती मिणमिणते. बटणावर लाल इंडिकेटर असेल तरी असे होते, पण आधी टेस्टर लावावा. आणि लेखातल्या दोन टोकांच्या ट्यूबमध्ये तर एक टोक होल्डरमध्ये बसलेले आणि दुसरे हातात असले की हातातल्या पिनांवर आतल्या सर्किटमधून करंट येऊ शकतो. म्हणून बटण नव्हे, मेन स्विच बंद करायचा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये पेटतो का ते पाहायचे, मेन बंद करायचा, मग दोन्ही होल्डरच्या चारही जागी लावून पाहायचा.

आता चोक "तोडून फेका" याविषयी. तांब्याचा चोक असलेल्या पट्टीसाठी अशी एलईडी ट्यूब मिळते की जिच्या खोक्यात एक स्टार्टरही असतो. दिसायला तो जुन्या स्टार्टरसारखाच, पण आत फक्त एक फ्यूज असतो. जुना स्टार्टर पाव फेरा फिरवून काढायचा, हा लावायचा, ट्यूब बसवायची. वायर एकही तोडायची नाही. चोक तसाच राहतो आणि एलईडीच्या थोड्या करंटला त्यात जेमतेम एखादा वॅट जातो. या जोडणीची खरी किंमत मला ताईच्या घरी कळली: ट्यूब उलटी लागली तरी काही बिघडत नाही. वाट चोकमधून, जोडलेल्या पिनांमधून, स्टार्टरच्या फ्यूजमधून फिरून तशीच पूर्ण होते. ज्या घरात ट्यूब घरचेच लोक पुसतात आणि लावतात, तिथे मी हीच पद्धत सांगतो. ताईकडे नवी पट्टी आणली ती तांब्याच्या चोकचीच, आणि बटण फेजमध्ये घेतले.

यालाही मर्यादा आहेत. पट्टीत इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर ही ट्यूब लावू नये, तिथे तो चोक काढावाच लागतो. जुना स्टार्टर विसरून तसाच राहिला तर ट्यूब लागणार नाही किंवा फडफडेल. आणि तो फ्यूजचा स्टार्टर ठेवून कुणी साधी ट्यूब लावली तर तिची दोन्ही टोके लाल होऊन राहतील, ट्यूब पेटणार नाही आणि चोक तापत जाईल.

फडफडणारी ट्यूब म्हणजे चोक गेला, असेही लेखात आहे. तसे नसते. आधी स्टार्टर बदलून पाहावा, तो थोडक्या पैशांत मिळतो. टोके काळी पडली असतील तर ट्यूब संपली. शेजारच्या खोलीतली चांगली ट्यूब आणि चांगला स्टार्टर लावूनही काहीच हालचाल नसेल, तरच चोकवर यावे.

मी एलईडीच्या विरोधात नाही. चोकसकट पन्नासेक वॅट घेणाऱ्या जुन्या ट्यूबच्या जागी वीस वॅटची लागली तर रोज पाच तासांप्रमाणे वर्षाला पन्नासच्या वर युनिट वाचतात. माझ्या घरी सगळ्या एलईडी आहेत. माझा राग चार ओळींवर आहे.

आणखी एक. लेखासोबतची आकृती काळ्या-पांढऱ्यात छापली आहे. "लाल वायर फेज, काळी न्यूट्रल" असे खाली लिहिले आणि वर दोन्ही रेघा सारख्याच काळ्या. कुणी कसे ओळखावे? जुन्या ट्यूबचे काय करायचे, तेही लेखात नाही. तिच्यात पारा असतो. आमच्या गल्लीत लोक त्या कचऱ्याच्या गाडीत उभ्या टाकतात, त्या फुटतात, आणि गाडीवरचा मुलगा उघड्या हाताने काचा लोटतो. परवा मी त्याला माझे रबरी हातमोजे दिले, त्याने ते खिशात ठेवून दिले.

दुरुस्त आकृती पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकारात छापावी. ट्यूबच्या दोन्ही जाती वेगळ्या दाखवाव्यात, फेजची रेघ जाड आणि न्यूट्रलची तुटक काढावी, आणि "बटण बंद करा" खोडून "मेन बंद करा" लिहावे. आकृती मी कागदावर काढून या पत्रासोबत जोडली आहे.

आपला,
एक निवृत्त वायरमन
हनुमाननगर, नागपूर