घरात काय राहणार, आपल्यासोबत काय येणार

पुणे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

एजंटने पाठवलेला करारनाम्याचा मसुदा मी काल रात्री पूर्ण वाचला. रक्कम, हप्ते, ताब्याची तारीख सगळं आपण बोललो तसंच आहे. अडचण आहे ती शेवटच्या पानावरच्या परिशिष्टात. तिथे एवढंच लिहिलंय: 'सदर सदनिका सर्व फर्निचर व फिटिंग्जसह विकण्यात येत आहे.' बाबा, या ओळीवर कृपा करून सही करू नका. आई, तू फ्लॅटची सहमालक आहेस, त्यामुळे तुझीही सही लागणार. तूही थांब.

या ओळीत आईचा झोपाळा येतो, आजीचं सागवानी कपाट येतं आणि देवघरही येतं. घेणारे दोघं भले वाटतात, मुद्दाम काही मागतील असं मला वाटत नाही. पण त्यांनी घर तीनदा पाहिलं, तेव्हा झोपाळा हॉलमध्येच होता. तो घरासोबत मिळणार असं त्यांनी मनात धरलं असेल, तर त्यात त्यांची काय चूक? कागदही तेच सांगतोय.

ही ओळ नुसती काढून टाकली तरी भागणार नाही. यादीच नसेल तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 8 लागू होतं. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर घरासोबत कुलपं, किल्ल्या, दारं, खिडक्या आणि कायमच्या वापरासाठी बसवलेल्या सगळ्या गोष्टी घेणाऱ्याकडे जातात. खिडकीची ग्रिल, ओटा, बेसिन यांबद्दल कोणी भांडणार नाही. पण गीझर कायमचा की सुटा? चिमणी? भिंतीत स्क्रूने बसवलेलं देवघर? भांडणं होतात ती या मधल्या वस्तूंवरून, म्हणून त्यांची नावं घेऊन लिहायला हवं. आपल्याच विंगमध्ये एका घराचा ताबा देताना सगळे पंखे उतरवून त्या जागी स्वस्तातले लावले होते, आठवतं ना? करारात 'पंखे' एवढंच लिहिलेलं होतं, त्यामुळे घेणाऱ्यांना काहीच सिद्ध करता आलं नाही. आपण देणारे आहोत, तरी यादी दोन्ही बाजूंना आधार देईल अशीच असावी.

म्हणून प्रत्येक वस्तूची ओळख पटेल असं लिहायचं. मोठ्या बेडरूमच्या एसीची नोंद मी अशी केली आहे: 'मोठी बेडरूम, दीड टनाचा स्प्लिट एसी, आतलं व बाहेरचं युनिट, रिमोट व स्टॅबिलायझरसह, खरेदी 2017, करार करताना चालू, आहे त्या स्थितीत राहील.' त्यात कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर घालायचे राहिलेत. ते आतल्या युनिटच्या बाजूला किंवा खालच्या अंगाला चिकटवलेल्या स्टिकरवर असतात. फ्रिजचं स्टिकर बहुतेक वेळा आतल्या भिंतीवर मिळतं. स्टॅबिलायझर मुद्दाम वेगळा लिहिलाय, कारण तो सुटा असतो. सामान बांधणारी माणसं तो सहज काढून खोक्यात टाकतात आणि मग तो कोणाचा यावर वाद होतो.

छोट्या खोलीतला एसी मागच्या वर्षीच घेतलाय, तो आपण पुण्याला आणू. 'नेण्यात येणाऱ्या वस्तू' अशा वेगळ्या तक्त्यात तो लिहिलाय. सोबत हेही लिहिलंय की एसी काढल्यावर ब्रॅकेट आपण उतरवू आणि पाइपचं भिंतीतलं भोक आपल्या खर्चाने बुजवून घेऊ. हे ठरलं नाही तर ताब्याच्या दिवशी उघडी भिंत बघून ते नाराज होतील. बाबा, तो एसी घाईत उतरवू देऊ नका. मेकॅनिकने आधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायला हवा. नाहीतर पाइप सोडताना तो निघून जातो आणि इथे बसवताना पुन्हा भरायचा खर्च येतो.

झोपाळ्याची नोंद: 'पाट व कड्या विक्रेते नेतील, छतातले हूक राहतील.' हूक स्लॅबमध्ये पक्के बसवलेले आहेत, ते उपटायला गेलो तर छत फुटेल. देवघराचं आई तू ठरव. ते आणायचं असेल तर मागच्या चार स्क्रूंची भोकं बुजवून, तिथला रंग सारखा करून द्यावा लागेल. मला तर ते आणावंसंच वाटतं.

स्वयंपाकघरातली ट्रॉली, चिमणी, पाण्याचा प्युरिफायर आणि गीझर राहू देऊ. गॅस आणि विजेचे मीटर यादीत नाहीत, कारण ते आपले नाहीत, कंपन्यांचे आहेत. आपल्याला करायचं आहे ते नाव बदलण्याचं आणि डिपॉझिटचं काम, त्याचा अर्ज वेगळा. शेगडी मात्र आपली आहे, ती सोबत येईल.

एका कलमाबद्दल माझा आग्रह आहे. त्यांचं कर्ज मंजूर होऊन ताबा देईपर्यंत काही आठवडे जातील आणि तुम्ही त्याच घरात राहाल. तेवढ्यात फ्रिज बंद पडला तर? जुना आहे, पडूही शकतो. म्हणून मी लिहिलंय की वस्तू रोजच्या वापरात राहतील, त्यांची नेहमीची झीज आणि वयानुसार होणारा बिघाड आपली जबाबदारी नाही. मात्र आपण त्या बदलणार नाही आणि मुद्दाम काढून नेणार नाही. दोघांनाही न्याय देणारं आहे हे.

एजंट म्हणतोय फर्निचरचे काही लाख वेगळे दाखवा, स्टॅम्प ड्युटी वाचेल. मला हे पटत नाही. स्टॅम्प ड्युटी कराराची किंमत आणि रेडीरेकनरचा दर यांतल्या जास्त आकड्यावर लागते, त्यामुळे फायदा मर्यादितच. आठ-दहा वर्षं वापरलेल्या वस्तूंना लाखांची किंमत लावणं खोटं ठरेल, आणि फर्निचरच्या रकमेवर बँक गृहकर्ज देणार नाही, म्हणजे त्यांनाच जास्त रोख उभी करावी लागेल. किंमत घराच्या रकमेतच धरली आहे, वस्तूंसाठी वेगळा मोबदला नाही, असं सरळ लिहू.

यादी नोंदणीच्या आधीच कराराला जोडली जायला हवी. कराराच्या मुख्य भागात 'परिशिष्ट ब प्रमाणे' असा उल्लेख हवा आणि तिच्या प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या. नोंदणी झाल्यावर नुसतं व्हॉट्सॲपवर पाठवलेलं पान कराराचा भाग होत नाही. ताब्याच्या दिवशी हीच यादी हातात घेऊन दोघांनी खोलीखोलीतून फिरायचं, प्रत्येक ओळीवर खूण करायची आणि खाली सह्या घ्यायच्या. किती किल्ल्या दिल्या आणि मीटरचे आकडे काय होते, तेही त्याच कागदावर लिहायचं.

बाबा, शुक्रवारपर्यंत एसी, फ्रिज, गीझर आणि प्युरिफायर यांच्या स्टिकरचे फोटो पाठवाल? शिडीवर चढू नका, वॉचमनच्या मुलाला बोलवा. आई, माळ्यावरची पितळेची भांडी मी यादीत धरलेली नाहीत. त्यांतली त्यांच्यासाठी काही ठेवायची असतील तर मला सांग.

तुमची,
मनू