काठीचं टोक आधी, पाऊल नंतर: माझ्या मोबिलिटी ट्रेनर मॅडमना पत्र

प्रिय मॅडम,

परवा माझ्या पांढऱ्या काठीचं टोक बदललं. खालचा गोल रोलर एका बाजूने इतका झिजला होता की तो फिरायचा बंद होऊन नुसता घासत होता. दुकानदाराने जुनं टोक टाकायला हात पुढे केला, पण मी ते मागून घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं. घरी आल्यावर ते हातात घेऊन बसले आणि वाटलं, तुमचे आभार अजून नीट मानलेच नाहीत. जाहीरच मानते, कारण माझ्यासारखं कुणी हे वाचत असेल तर तुम्ही काय शिकवलंत ते त्यांनाही कळेल.

तुमच्याकडे आले तेव्हा मी ४३ वर्षांची होते. रेटिनायटिस पिगमेंटोझाचं निदान होऊन अकरा वर्षं झाली होती, आणि त्या अकरा वर्षांत मी काठी हातात धरली नव्हती. माझं म्हणणं एकच होतं: मला दिसतं. ते खोटंही नव्हतं. डॉक्टरांच्या तक्त्यावरच्या खालच्या ओळी मी वाचायचे, ऑफिसात लेजरमधले आकडे वाचायचे. पण आधी रात्रीचं दिसणं गेलं, मग कडेचं. या आजारात डोळ्याच्या पडद्यावरच्या, अंधारात काम करणाऱ्या रॉड पेशी आधी मरतात, म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते आणि मधली नजर बऱ्याचदा शेवटपर्यंत टिकते. माझं दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा भाग, १० अंशांपर्यंत आलं होतं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यात १० अंशांखालचं क्षेत्र म्हणजे अंधत्व, मग मधलं कितीही स्वच्छ दिसो. हे मला माहीत होतं, पण पटत नव्हतं.

पटवलंत तुम्ही, आणि तेही मुठीने. पहिल्याच दिवशी म्हणालात, "हात सरळ लांब करा, मूठ वळा. त्या मुठीएवढंच तुम्हाला दिसतं, बाकी मेंदू भरून काढतो." मग हिशोब सांगितलात. दोन मीटरवर मला साधारण ३५ सेंटीमीटरचं वर्तुळ दिसतं, म्हणजे एका ताटाएवढं. दहा मीटरवर मात्र तेच वर्तुळ पावणेदोन मीटरचं होतं, पूर्ण माणूस मावतो. मी इतकी वर्षं नेमकं उलट करत होते. पडायच्या भीतीने खाली पायांकडे बघत चालायचे, पावलाएवढी जागा बघायचे आणि समोरून येणाऱ्या माणसाला धडकायचे. एकदा पार्ल्याच्या भाजी बाजारात एका लहान मुलाला मी पाडलं होतं. त्याची आई मला जे बोलली ते अजून आठवतं, आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

"लांबचं डोळ्यांनी बघा, जवळचं काठीला बघू द्या." तुमचं सगळं शिकवणं या एका वाटणीवर उभं होतं, हे मला खूप उशिरा कळलं.

पहिल्या काठीची लांबी तुम्ही जमिनीपासून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजलीत. माझी भराभर चालायची सवय पाहिल्यावर तीन बोटं वाढवलीत, कारण काठी जितकी लांब तितकी थांबायला जागा जास्त. मूठ पोटासमोर, अगदी मध्यावर. हलवायचं ते मनगट, खांदा नाही. टोकाचा फेरा खांद्यांपेक्षा दोन-दोन बोटं बाहेर. उजवं पाऊल पुढे पडत असेल तेव्हा टोक डावीकडे, कारण पुढचं पाऊल डावं असतं आणि तिथली जमीन आधी तपासून झालेली हवी. लिहायला सोपं आहे. मला जमायला पाच आठवडे लागले. माझा ताल चुकायचा, टोक आणि पाऊल एकाच बाजूला जायचं, म्हणजे पाय जिथे आधीच पडलाय तीच जागा मी तपासत बसायचे. तुम्ही मागून नुसतं "उलटं" म्हणायचात. दुसरी चूक मूठ मध्यावरून उजवीकडे सरकण्याची. मग डावी बाजू उघडी राहायची आणि मी कळतनकळत तिरकी चालायचे. ती माझी मला कशी ओळखायची तेही तुम्हीच सांगितलंत: डावा खांदा दोनदा आपटला की आधी मूठ कुठे आहे ते बघ.

आमच्या गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकवर पहिल्या, पेन्सिलसारख्या बारीक टोकाने मला रडवलं. प्रत्येक फटीत टोक अडकायचं आणि काठीची मूठ पोटात बसायची. तुम्ही रोलर लावून दिलात आणि टोक उचलून टेकवण्याऐवजी जमिनीवरून सतत फिरवत न्यायला शिकवलंत. त्याने उघडं गटार, फूटपाथची कड, पायरी यांचा खड्डा हाताला लगेच कळतो. काठी कंबरेच्या वरचं काही सांगत नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. उभ्या टेम्पोच्या मागच्या फळीखालून काठी सरळ निघून जाते आणि फळी तोंडावर येते. म्हणून दाटीच्या गल्लीत दुसरा हात कोपरात वाकवून चेहऱ्यासमोर धरायचा. माझ्या कपाळावर या धड्याची खूण आहे.

डोळ्यांवर पट्टी बांधण्यावरून आपलं भांडण झालं, आठवतं? मला तो अपमान वाटला होता. जे उरलंय तेच झाकायचं? तुम्ही शांतपणे म्हणालात, डोळे उघडे असले की हाताला काही कळायच्या आत तुम्ही खाली बघता, म्हणून हात कधी शिकतच नाही. तरी तुम्ही अर्ध्या तासाच्या पुढे कधी पट्टी ठेवली नाहीत, आणि नंतर तीच वाट पट्टीशिवाय चालायला लावलीत. आपल्या बॅचमधल्या काचबिंदूच्या काकांना तर बहुतेक पट्टीशिवायच शिकवलंत. त्यांच्या नजरेची खालची बाजू गेली होती, ते फक्त जिना उतरताना अडखळायचे. ज्याचं जे गेलंय त्यावरून शिकवायचं, हे मी तुमच्याकडे पाहिलं.

पण ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहितेय ती गोष्ट लोकलची. मला पार्ल्याहून चर्चगेटला जावं लागतं आणि मला सगळ्यात जास्त भीती फलाटाची होती. तुम्ही मला गर्दीत नेलंच नाहीत. रविवारी सकाळी सहाला चर्चगेटला नेलंत, कारण तिथे गाडी शेवटच्या स्टेशनवर काही मिनिटं उभी असते. "गाडी पूर्ण थांबल्याशिवाय काठी पुढे न्यायची नाही," हा पहिला नियम. मग फलाटाची कड काठीने शोधायची. पलीकडे टोक डब्याच्या पत्र्याला टेकतं. पत्र्याला धरून काठी बाजूला सरकवत न्यायची, पत्रा संपला की दरवाजा. मी खूश होऊन पाय उचलला तेव्हा तुम्ही माझा दंड इतका घट्ट धरलात की दुसऱ्या दिवशी दुखत होता.

तो दरवाजा नव्हता. दोन डब्यांमधली फट होती.

साध्या लोकलच्या दोन डब्यांमध्ये त्यांना जोडणारी बंद वाट नसते, मोकळी जागा असते, आणि पत्रा संपल्याचं काठीला तिथेही तसंच कळतं. तुम्ही माझा हात धरून टोक खाली सोडायला लावलंत. ते खाली गेलं आणि खालीच जात राहिलं. मग चार पावलं पुढे खऱ्या दरवाज्यात तेच करायला लावलंत, तर टोक लगेच डब्याच्या जमिनीवर टक्क वाजलं. "आधी टोकाला जमीन लागली पाहिजे, मग हाताला दरवाज्यातला उभा दांडा. दोन्ही मिळाल्याशिवाय पाय उचलायचा नाही." त्या सकाळी मी हे तीस-बत्तीस वेळा केलं. उतरतानाही तसंच, टोक आधी फलाटाला टेकवायचं, म्हणजे फट केवढी आणि फलाट किती खाली ते कळतं. जवळच्या चहाच्या स्टॉलवाल्याने शेवटी विचारलं, "ताई, चढायचंय की नाही?" तुम्हीच उत्तर दिलंत: "चढायचंय दादा, आधी शिकून घेतेय."

काठी घडी करून डब्यात मोबाइल वाचत बसलं की बायका बोलायच्या, दिसतंय की हिला, मग काठीचं नाटक कशाला. पहिल्यांदा मी काठी पिशवीत लपवली. तुम्ही मला एक वाक्य दिलंत: "मला समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही." एवढंच. यावर आजवर कुणी वाद घातलेला नाही. उलट एक मावशी आता रोज माझ्यासाठी दारातून जागा करतात. त्या दंड धरून ओढायच्या, तेव्हा तुम्ही शिकवलं तसं म्हटलं, "मावशी, तुम्ही पुढे व्हा, मी तुमचा कोपर धरते." आता त्यांनाही ते सवयीचं झालंय.

गेल्या जुलैत एका संध्याकाळी पार्ल्याहून आईकडे बोरिवलीला निघाले होते. पाऊस छपराच्या पत्र्यावर इतका कोसळत होता की चढणाऱ्यांचे आवाज कळत नव्हते, आणि फलाटावरचे दिवे माझ्यासाठी नुसते धूसर ठिपके होते. गाडी थांबली. काठी पत्र्यावरून सरकवली, पत्रा संपला. मागून कुणीतरी म्हणालं, "चला चला, लवकर." मी टोक खाली सोडलं. टक्क आवाज आला नाही.

मी दोन पावलं मागे आले आणि ती गाडी सोडली. मागच्या बाईंना सांगितलं, इथे दार नाहीये. पुढची गाडी आली तेव्हा टोकाला जमीन लागली, हाताला दांडा लागला, आणि मी चढले. आईने उशीर का झाला विचारलं, तेव्हा पाऊस म्हणाले. खरं काय झालं ते पहिल्यांदा इथे तुम्हाला सांगतेय, मॅडम. माझ्या दंडावर तुमची पकड अजून आहे.

तुमची,
पार्ल्याची विद्यार्थिनी