आग्रह फक्त तुपाचा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा होळीचा मजकूर तू पाठवलास, तो आम्ही दोघांनी वाचला. आईला त्यातल्या पिचकाऱ्या आणि फुगे फार आवडले. माझी हरकत शेवटच्या ओळीला आहे, 'बुरा न मानो, होली है!' ज्याला रंग आवडतो त्याला ही ओळ सांगावी लागत नाही, आणि ज्याला आवडत नाही तो ती वाचून दाराला आतून कडी घालतो. मग शुभेच्छा नक्की कोणाला दिल्या?

दुसरं म्हणजे, तू नुसतं 'या, होळी खेळूया' लिहिलंयस. कधी? आपल्या पेठेत होळी पेटते पौर्णिमेला, दुसऱ्या दिवशी धुळवड, आणि जुनी मंडळी रंग खेळतात ते थेट रंगपंचमीला. तुमच्या बाणेरला उत्तरेकडची बरीच घरं, त्यांचा रंग धुळवडीलाच. दिवस, वेळ, जागा लिहिली नाहीस तर रंग नको असलेल्या माणसाला पाच दिवस जिन्यात डोकावून मगच बाहेर पडावं लागेल. दोन तास ठरवून दिलेस की बाकीचा सण त्याचाही होतो.

तुमच्या कमिटीतल्या कोणीतरी सुचवलंय ना, 'ज्यांना रंग नको त्यांनी आधी कळवावे'? ऐकायला सज्जनपणाचं वाटतं, पण ते करू नकोस. एखाद्याला दमा असतो, एखाद्या घरी दहावीचा पेपर असतो, कोणाकडे यंदा माणूस गेलेलं असतं म्हणून सण नसतो, आणि कोणाला नुसतंच आवडत नाही. यातलं काहीही साठ घरांच्या ग्रुपवर का लिहायचं त्यांनी? उलट कर. रंगाची जागा एक ठरव. तिथे आला तो खेळायला आला, नाही आला त्याला विचारायचं नाही.

'अहो, फक्त एक टिळा!' यापासूनही जप. टिळ्याला हो म्हटलेल्या माणसाचे गाल, कान आणि मान पुढच्या मिनिटात जातात, हे तुझ्या काकाला विचार. आणि कोरडा रंग म्हणजे निरुपद्रवी असंही नाही. गुलाल उधळला की तो पहिल्या मजल्याच्या खिडकीतून सरळ आत जातो, दम्याच्या माणसाला तो पाण्यापेक्षा जास्त छळतो. म्हणून जागा इमारतीपासून जरा लांबची घे.

मी मजकूर असा केलाय. पुणेरी वाटला तर इलाज नाही.

'सर्व शेजाऱ्यांना होळीच्या रंगीत आणि बिनरंगी शुभेच्छा! धुळवडीला सकाळी १० ते १२ मागच्या मैदानात रंग. जो तिथे येईल तो रंगेल, जो येणार नाही त्याला कारण विचारलं जाणार नाही. कोणाचीही बेल वाजवली जाणार नाही (दुपारी १ ते ४ तर नाहीच नाही). पुढचं गेट आणि लिफ्ट कोरडी राहील, कामावर निघालेल्यांनी पांढरा शर्ट खुशाल घालावा. रंगलेल्यांनी मागच्या जिन्याने जावे, आरशात पाहून घाबरू नये. साडेबाराला सगळे गच्चीवर. आदल्या दिवशीच्या दोन-दोन पुरणपोळ्या घेऊन या. गच्चीवर रंग नाही. आग्रह होईल, पण फक्त तुपाचा.'

साडेबाराची ओळ कापू नकोस. नुसतं 'रंग नको तर घरी बसा' म्हटलं की झाली त्यांची होळी. गच्चीवर त्यांनाही यायला कारण मिळतं, आणि शिळी पुरणपोळी तव्यावर गरम करून तुपाबरोबर ताजीपेक्षा काकणभर सरसच लागते. फक्त रंगलेल्यांना आधी आंघोळ करायला लाव, नाहीतर गळाभेटीत सगळा करार बुडेल.

एक गोष्ट ग्रुपवर लिहू नकोस, पण पोरांना समोर उभं करून सांग. वॉचमन, घरकामाच्या मावशी आणि पार्सल घेऊन येणारी मुलं यांना 'नको' म्हणता येत नाही. ती हसतात, आपल्याला वाटतं त्यांना मजा आली. मावशींना तेच कपडे घालून पुढच्या चार घरी जायचं असतं. त्यांना रंग लावायचा तर आधी विचारायचं, आणि उत्तर द्यायला अर्धं मिनिट लागलं तर ते 'नको' समजायचं. कुत्र्या-मांजरांना तर विचारायचीही गरज नाही, त्यांना लावायचाच नाही.

मजकूर होळीच्या आधी दोन दिवस टाक. आदल्या रात्री टाकलास तर निम्म्या लोकांना तो अंगावर रंग पडल्यावर दिसेल. आई पुरण इथूनच वाटून पाठवतेय. कटाची आमटी तुझी तू कर, मसाला डब्यात वेगळा बांधलाय.

तुझा,
बाबा